‘मा’ कधी दोन, कधी चार: दुरुस्त केलेली मद पुन्हा का बिघडते

“आपा, काल तर बरोबर झालं होतं!” मगरिबनंतर कुर्ल्यातल्या माझ्या घरी सात-आठ बायका कुरआन पठणाचा सबक घ्यायला बसतात, आणि आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य ऐकू येतं. काल बरोबर झालं होतं हे खरंच असतं. मी समोर बसून मद, म्हणजे ताणून म्हणायचा स्वर, लांबवून घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी तीच सूरा, तीच आयत, आणि लांबी पुन्हा गेलेली. कुठे आखूड, कुठे नको तिथे ताणलेली.

हे पुन्हा पुन्हा ज्यांच्याबाबतीत झालं, त्यातल्या एका भाभींचं उदाहरण घेते. त्या मूळच्या खेडच्या, शिक्षण मराठी शाळेत. लहानपणी मदरशात थोडं शिकल्या, मग सुटलं, आणि पुढे छोट्या सूरा देवनागरीतल्या पुस्तिकेवरून पाठ केल्या. आता चाळिशीत त्या कायदा, म्हणजे अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक, पहिल्यापासून शिकताहेत. अडचण आली सूरा काफिरूनला. ही १०९वी सूरा, सहाच आयती, पण मदेचे बहुतेक सगळे खड्डे हिच्यात आहेत. शिवाय फजरच्या सुन्नतमध्ये बरेच जण रोज हीच म्हणतात, त्यामुळे चूक रोज नव्याने पक्की होते.

आधी मूळ माप. जबर, जेर, पेश या अ, इ, उ या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, आणि जझम म्हणजे अक्षराला स्वर नसल्याची खूण. जबरनंतर अलिफ, जेरनंतर जझमची या, पेशनंतर जझमचा वाव, ही तीन मदेची अक्षरं. सूरा हूदमध्ये ‘नूहीहा’ असा एक शब्द आहे, त्यात नू, ही, हा या तिन्ही मदा एका ओळीत येतात. प्रत्येक मद २ हरकत लांब. हरकत म्हणजे एका ऱ्हस्व स्वराचा वेळ. खडा जबर, खडी जेर, उलटा पेश यांनाही तेवढाच वेळ. आपण मराठी शाळेत वृत्तं शिकलो तेव्हा लघुला १ मात्रा, गुरूला २ मात्रा धरायचो, तेच इथे धरा. फरक एकच: वृत्तात ‘अन्तुम’मधला ‘अन्’ जोडाक्षरामुळे गुरू ठरतो, इथे त्याला मद नाही. इथे मोजायची ती फक्त स्वराची लांबी.

या साध्या मदेनंतर हम्झा, म्हणजे गळ्यात झटक्याने तुटणारा आवाज, आली की लांबी वाढते. एकाच शब्दात मदेचं अक्षर आणि हम्झा असेल तर ती मद्दे मुत्तसिल. मदेचं अक्षर शब्दाच्या शेवटी आणि हम्झा पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असेल तर मद्दे मुनफसिल. आपल्याकडे इमाम आसिम यांच्याकडून हफ्स यांनी आणलेली रिवायत वाचतात, आणि इमाम शातिबी यांच्या मार्गाने तिच्यात या दोन्ही मदा ४ किंवा ५ हरकत आहेत. मी नवशिक्यांना दोन्हीकडे ४ च देते. एकच आकडा डोक्यात राहतो आणि श्वासही पुरतो. मुनफसिल फक्त २ हरकत वाचायचा दुसरा मार्गही आहे, पण त्याच्या स्वतःच्या अटी आहेत. तो शिकल्याशिवाय ‘श्वास पुरला नाही म्हणून २’ असं करता येत नाही.

आता भाभींची चूक. त्यांना म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवा. मग मी एक साधी युक्ती केली, ती तुम्हीही करून बघा. काफिरूनची तिसरी आणि पाचवी आयत शब्दशः सारखी आहे: ‘वला अन्तुम आबिदून मा अअ्बुद’. शब्द तेच, मदा त्याच, म्हणजे एकाच वेगात वाचलं तर वेळही जवळपास सारखा लागला पाहिजे. भाभींच्या तिसऱ्या आयतीला सहा सेकंदांच्या आसपास लागले, पाचवीला साडेतीन. म्हणजे नियम माहीत नव्हता असं नाही. तिसऱ्या आयतीत त्यांनी पाळला, पाचवीपर्यंत येताना घाई झाली आणि तो गळला. एकाच बैठकीत मुनफसिल एकदा ४ घेतली की शेवटपर्यंत ४ च ठेवायची असते, त्यामुळे इथे दोन मदांमधला फरक हीच चूक.

मग एकेक कारण शोधत गेले. पहिलं कारण माझ्याच बोलण्यात सापडलं. मी म्हणत होते, “चार घ्या.” भाभींना लहानपणी अलिफाच्या मापाने शिकवलं होतं. १ अलिफ म्हणजे २ हरकत, म्हणजे ४ हरकतींची मद २ अलिफांची होते. त्यांनी माझे ‘चार’ चार अलिफ समजून घेतले आणि मद दुप्पट ताणली. एवढी ताणल्यावर पाचव्या आयतीला श्वास राहणार कुठून? बोटांचंही तसंच. कुणी एक बोट मिटायला लागणाऱ्या वेळाला एक हरकत धरतात, कुणी एक अलिफ. दोन्ही पद्धती शिकवल्या जातात, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की हिशेब दुपटीने चुकतो. म्हणून नवी शिष्या आली की आधी विचारते, तुमचं एक बोट किती? नुसतं छोटी मद, बडी मद म्हणूनही भागत नाही. बऱ्याच भारतीय छपाईत मुनफसिलवर बारीक आणि मुत्तसिलवर जाड खूण असते, पण खुणेचा आकार बघून किती ताणायचं ते प्रत्येकजण मनाने ठरवतो.

सेकंदांचा प्रश्नही हमखास येतो: “आपा, ४ हरकत म्हणजे किती सेकंद?” त्याला सेकंदात उत्तर नाही. हरकत तुमच्या स्वतःच्या वेगावर ठरते. सावकाश वाचताना ती लांब, भरभर वाचताना आखूड. साधी मद अर्ध्या सेकंदाची होत असेल तर मुनफसिल साधारण एक सेकंदाची. वेग वाढून साधी मद पाव सेकंदावर आली तर मुनफसिल अर्ध्या सेकंदावर येईल, आणि तीही तितकीच बरोबर असेल. बघायचं असतं ते प्रमाण. ते बसवायला मी आकडे मोजायला लावत नाही, कारण मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार म्हणताना जीभ थबकते. ‘ला’ म्हणा, साधा, २ हरकतींचा. मग त्याच चालीत ‘लाला’ म्हणा. आता दुसरा ‘ल’ पुसून टाका, पण वेळ तेवढाच ठेवा. तो जो एकसंध ‘लाऽऽ’ उरतो तीच ४ हरकतींची मद. पाच-सहा वेळा केलं की हाताला लागते. मधे आवाज हिंदकळता कामा नये, ‘ला-आ-आ’ असे तुकडे पडले तर ती मद राहत नाही. आणि आवाज नाकात गेला का हे बघायला मद ताणताना नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर तो नाकातून येतोय. आपल्या बोलीत अनुस्वार भरपूर, त्यामुळे हे कोकणातल्या बायकांना फार होतं, मलाही व्हायचं.

पण भाभींचं सगळ्यात हट्टी दुखणं त्या देवनागरी पुस्तिकेत होतं. ते आयतीआयतीने सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे. खाली मी मुद्दाम पुस्तिकेसारखंच लिहिते, हम्झा आणि ऐन, म्हणजे घशातून खोल निघणारं वेगळं अक्षर, दोन्हींना ‘अ’.

पहिली आयत: ‘कुल या अय्युहल काफिरून’. ‘या’च्या पुढे ‘अय्यु’ची हम्झा आहे, म्हणून ‘या’ ४ हरकत. अरबी छपाईत हे दोन शब्द जोडून लिहिलेले दिसतात, तरी ही मुनफसिलच, कारण ‘या’ ही हाक वेगळा शब्द आहे. पुढे ‘अय्युहा’च्या शेवटी अलिफ लिहिलेला असतो, पण त्यानंतर लगेच जझमचा लाम येतो, म्हणून तो अलिफ गळतो आणि ‘हल’ आखूड वाचायचं. ‘का’ २ हरकत. शेवटच्या ‘रून’वर थांबलं की मद्दे आरिज होते. तिथे २, ४ किंवा ६ तिन्ही चालतात, पण निवडलेली लांबी सगळ्या आयतींच्या शेवटी तीच ठेवा.

दुसरी: ‘ला अअ्बुदु मा तअ्बुदून’. ‘ला’पुढे हम्झा, म्हणून ४. ‘मा’पुढे ‘त’, म्हणून २. इथे ‘ला’ आखडला तर काय होतं ते मी एकदा समजावून सांगतेच. ‘ला’ म्हणजे नकार. लांबी पूर्ण गळून नुसतं ‘ल’ उरलं तर अरबीत ते जोर देणारं ‘खचित’ होतं, आणि ‘मी पूजत नाही’चं ‘मी पूजतोच’ होऊन बसतं. ४ च्या जागी ३ झाली तर ती बारीक चूक. २ हरकतींची मूळ मदच खाल्ली तर ती उघड चूक, तजवीदच्या, म्हणजे शुद्ध पठणाच्या नियमांच्या, भाषेत लहने जली. दोन्ही चुका एका तराजूत तोलायच्या नाहीत. भाभी ताणण्यावर एवढा जीव टाकत होत्या की घाईत मूळ २ हरकती जाताहेत इकडे लक्षच नव्हतं. त्यांना सांगितलं, आधी २ कुठेही कमी होऊ देऊ नका, मग ४ कडे बघू.

‘बुदु’चा शेवटचा ‘दु’ ऱ्हस्व आहे आणि इथे आपली मराठी आडवी येते. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ. शाळेत तसंच लिहायला शिकवलं आणि बोलतोही तसंच. म्हणून ‘अअ्बुदु’चं ‘अअ्बुदू’ होतं, फातिहात ‘मालिकि यौमिद्दीन’चं ‘मालिकी’ होतं. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलींपेक्षा मराठी माध्यमातल्यांना हे जास्त होतं, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. म्हणजे एकीकडे हवी ती मद आखूड आणि दुसरीकडे नसलेली मद तयार. उपाय: अशा ‘दु’नंतर लगेच पुढच्या शब्दावर उडी घ्यायची, ‘अअ्बुदुमा’ असं एका दमात.

तिसरी आणि पाचवी: ‘वला अन्तुम आबिदून मा अअ्बुद’. ‘ला’ ४, ‘आ’ २, ‘दू’ २, आणि दुसऱ्या टोकाला ‘मा’ पुन्हा ४, कारण ‘अअ्बुद’ हम्झाने सुरू होतो. एका आयतीत १२ हरकती नुसत्या मदेत जातात. ‘आबिदून’मधला शेवटचा न जबरचा आहे, पूर्ण उच्चारायचा आणि ऱ्हस्व. देवनागरीत हे दाखवायची सोयच नाही. ‘आबिदूना’ छापलं की लोक ‘ना’ ताणतात, ‘आबिदून’ छापलं की न चा पाय मोडतात. आणि आयतीच्या शेवटी ‘अअ्बुद’ला मद नाही. ‘बु’ ऱ्हस्व, द वर थांबायचं, बास. दुसऱ्या आयतीच्या ‘तअ्बुदून’शी यमक जुळवायच्या नादात कितीतरी जण ‘अअ्बूऽऽद’ करतात. भाभीही करायच्या.

चौथी आयत भाभींना महिनाभर पुरली: ‘वला अन आबिदुम मा अबत्तुम’. ‘वला अन’ला ४, ठीक. ‘अन’ अरबीत अलिफाने संपतो, पण पुढे वाचत गेलात तर तो अलिफ म्हणायचा नाही. बऱ्याच छापील प्रतींत त्यावर बारीक गोल असतो. पुस्तिकेत मात्र ‘अना’ छापलंय, त्यापुढे ‘आबिदुम’, म्हणून भाभी ‘अनाऽऽ आबिदुम’ म्हणायच्या, आणि ते त्यांना अगदी नियमाला धरून वाटायचं. आणि शेवटी ‘मा अबत्तुम’. तिसऱ्या आयतीतला ‘मा अअ्बुद’ आणि हा ‘मा अबत्तुम’ देवनागरीत बघा: ‘मा’ आणि पुढे ‘अ’, दोन्ही सारखे. पण पहिल्यात हम्झा आहे, दुसऱ्यात ऐन. ऐनमुळे मद वाढत नाही. म्हणून पहिला ‘मा’ ४ आणि दुसरा फक्त २. भाभी इथे दर वेळी ४ घ्यायच्या. मी अडवलं की दुसऱ्या दिवशी उलट व्हायचं, ‘मा अअ्बुद’ही २ वर यायचा. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं: “आपा, तुम्ही कधी ताण म्हणता, कधी नको म्हणता. अक्षर तर तेच आहे.”

अक्षर तेच नव्हतं, पण त्यांच्या कागदावर तेच होतं. मग पुस्तिका बाजूला ठेवली, अरबी पान उघडलं आणि पेन्सिलीने फक्त हम्झांभोवती गोल करायला लावले. काफिरूनमध्ये मदेनंतर हम्झा सातच ठिकाणी येते: पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आयतीत एकेक, तिसऱ्या आणि पाचव्या आयतीत दोन-दोन. तुमचे गोल सातापेक्षा जास्त झाले तर कुठेतरी ऐन पकडलंय. सातापेक्षा कमी झाले तर ‘या अय्युहा’ सुटलं असणार, बहुतेकांचं तेच सुटतं. अरबी अक्षरओळख कच्ची असेल त्यांनी आधी हम्झा आणि ऐन कानाने वेगळे करायला शिकावं. नुसत्या पाठांतरावर ही चूक निघत नाही, चार दिवसांनी परत येते.

आणखी एक कारण कानातलं. आमच्या गल्लीत पाच वेळा अजान ऐकू येते, आणि अजानमध्ये आवाज ज्या चालीने लांबवतात ती चाल वेगळी. मुलं तीच चाल किरअतला, म्हणजे कुरआन पठणाला, लावतात. तसंच अब्दुल बासित यांच्या सुरेल, संथ रेकॉर्डिंगचं. ऐकायला अप्रतिम, पण नवशिका त्याची लांबी उचलतो आणि वेग मात्र स्वतःचाच ठेवतो, मग प्रमाण कोलमडतं. मोजून शिकायला मी अल-हुसरी यांचं मुरत्तल, म्हणजे साध्या चालीतलं पठण, ऐकायला सांगते. आवाज सपाट वाटतो म्हणून मुली कुरकुरतात, पण त्यांच्या साध्या मदेवर बोट टेकवत गेलं की मोठ्या मदेचं प्रमाणही कानात बसतं.

हम्झेच्या मदेपलीकडे दोन गोष्टी सारख्या अडतात, त्या उरकते. फातिहाच्या शेवटच्या ‘जाल्लीन’मध्ये ‘जा’नंतर तश्दीदचा, म्हणजे दुहेरी, लाम आहे. ही मद्दे लाजिम, पूर्ण ६ हरकत, इथे पर्याय नाही. पुढचा ‘लीन’ थांबल्यामुळे २, ४ किंवा ६. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: ‘जा’ घाईत उरकतात आणि ‘लीऽऽन’ ऐटीत ताणतात. ‘जा’ ताणून झाल्यावर लामवर जोर येतोय ना हेही बघा. दुसरं, सूरा कुरैशच्या आयतींच्या शेवटी येणारे ‘कुरैश’, ‘सैफ’, ‘बैत’, ‘खौफ’. इथे ऐ-औ सारखा स्वर आहे, त्याला लीन म्हणतात. त्यावर थांबलात तरच ताण, तोही २, ४, ६ मधला. न थांबता पुढे गेलात तर ताणायचं नाही.

मुत्तसिलची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ही चूक फार जुनी आहे. इब्न मसऊद यांच्यासमोर एकाने सूरा तौबातली सदक्यांची आयत वाचली आणि ‘लिल्फुकरा’मधली मद आखडून टाकली. त्यांनी तिथेच थांबवलं, म्हणाले की रसूलुल्लाहांनी मला असं वाचायला शिकवलेलं नाही, आणि मद ताणून वाचून दाखवली. ‘फुकरा’च्या शेवटी हम्झा आहे, त्याच शब्दात. म्हणून मुत्तसिलला सूट नाही, आणि तिची लांबी मुनफसिलपेक्षा कमी कधीच असू नये. सूरा नस्रच्या सुरुवातीचा ‘इजा जाअ’ घ्या. ‘जा’ ४, पण त्याआधीचा ‘इजा’ फक्त २, कारण त्याच्यापुढे हम्झा नाही, जीम आहे. दोन्ही सारखे ताणणारे मला रोज भेटतात.

फोनने सगळं कळत नाही, हेही सांगते. तिसरी-पाचवी आयत सारखी आली म्हणजे दोन्ही सारख्या चुकल्या असंही असू शकतं. ऐनच्या जागी हम्झा म्हटली तर घड्याळाला कळणार नाही. त्यासाठी समोर बसून ऐकणारं कुणीतरी लागतं.

भाभी आता दर शुक्रवारी फक्त काफिरून रेकॉर्ड करून पाठवतात. परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसरी आणि पाचवी जवळपास सारखी आली, ‘मा अबत्तुम’चा ‘मा’ आखूड, ‘अन’ही आखूड. फक्त ‘अअ्बुद’ अजून थोडा लांबतो. खाली त्यांनी लिहिलं होतं, “आपा, तो यमकाचा मोह सुटत नाही.”